पॉटलकला चार पुलाव आणि पोळी नाही: दुरुस्ती सूचनेच्या कागदातच करा

लक्षणं ओळखीची आहेत. कोजागरीच्या रात्री गच्चीवर टेबल मांडलं जातं, घराघरांतून आलेल्या डब्यांची झाकणं उघडतात आणि दिसतं ते असं: चार पुलाव, त्यातला एक ‘मसालेभात’ या नावाखाली. तीन डबे गुलाबजाम. पनीरच्या तीन भाज्या, तिन्हींचा रंग एकच. पोळ्या वीस, त्याही पहिल्या दहा माणसांत संपलेल्या. कोशिंबीर कुणीच आणलेली नाही. मग कुणीतरी खाली बेकरीत धावतं, पाव येतात आणि सचिव पुढच्या वर्षीसाठी मनाशी ठरवतात की सूचनेत ठळक अक्षरांत लिहायचं, ‘कृपया कोणताही पदार्थ पुन्हा येणार नाही याची काळजी घ्यावी’.

हीच ओळ बिघाड वाढवते. कुणी यादीत ‘पोळी (३० नग)’ लिहिलं की बाकीच्यांना वाटतं, पोळी झाली, आता दुसरं काहीतरी लिहू. साठ माणसांना तीस पोळ्या म्हणजे माणशी अर्धी. पोळी आणि भात या दोन गोष्टी पॉटलकमध्ये पुन्हा पुन्हा यायलाच हव्यात, कारण पानात त्याच सगळ्यात जास्त लागतात आणि एका घरच्या ओट्यावर त्या तेवढ्या होत नाहीत. टाळायचं आहे ते न ठरवता झालेलं दुबार. ‘पुन्हा नको’ म्हणण्याऐवजी सूचनेने सांगायला हवं की कुठला पदार्थ किती घरांतून यायचा आहे.

दुबार पदार्थ येतात कुठून

पहिलं कारण स्वयंपाकघरातलं. घरातून गच्चीवर न्यायचा पदार्थ निवडताना प्रत्येक जण एकच हिशेब करतो: आधी करून ठेवता यावा, नेताना सांडू नये, मुलांनी खावा आणि पाहुण्यांपुढे ठेवायला बरा दिसावा. या चारही अटींत पुलाव, पनीर आणि गुलाबजाम बसतात. पोळी आणि कोशिंबीर बसत नाहीत. पोळीला मेहनत जास्त आणि कौतुक शून्य, कोशिंबिरीला ‘हे काय आणलं’ अशी नजर. लोकांवर सोडलं तर वीस घरं स्वतंत्रपणे विचार करून त्याच तीन पदार्थांवर येतात. यात कुणाचा दोष नाही.

दुसरं कारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या यादीचं आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं आणि पुन्हा ग्रुपवर टाकायची अशी पद्धत असते. समजा रात्री नऊला यादीत सहा नावं आहेत. बी-२०३ ने ती कॉपी केली आणि सातव्या ओळीत ‘पुलाव’ लिहिलं. त्याच दोन मिनिटांत ए-१०१ ने सुद्धा सहा नावांचीच यादी उचलली होती. त्यांनी सातव्या ओळीत ‘मसालेभात’ लिहून पाठवली. तिसऱ्याने सगळ्यात खालची, म्हणजे ए-१०१ ची यादी पुढे नेली. आता बी-२०३ चा पुलाव यादीतून उडाला, पण त्या घराच्या मनात तो लिहिलेला आहे. कोजागरीला दोन्ही डबे येतात, आणि यादीत नाव न दिसल्याने बी-२०३ उरलेली कोशिंबीर आणतील असं ज्यांनी गृहीत धरलं होतं त्यांना कोशिंबीर मिळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा पोलही इथे कामाचा नाही. त्यात जास्तीत जास्त बारा पर्याय बसतात आणि एका पर्यायाला किती जणांनी होकार द्यायचा यावर मर्यादा घालता येत नाही. येणाऱ्यांची संख्या काढायला पोल उत्तम, पदार्थ वाटायला नाही.

तिसरं कारण नावाचं. यादीत पावभाजी, बटाटेवडा आणि बटाट्याची सुकी भाजी ही तीन वेगळी नावं दिसतात, पानात मात्र तीन वेळा बटाटा पडतो. म्हणून यादीत पदार्थाच्या नावाशेजारी ‘मुख्य जिन्नस’ असा रकाना हवाच. तो भरायला लावला की माणूस स्वतःच थांबतो, कारण वर दोनदा ‘पनीर’ लिहिलेलं दिसतं.

आधी माणसं मोजा, मग पदार्थ

उदाहरणाला २४ घरांची एक इमारत घेऊ. २२ घरांनी होकार दिला आणि माणसं झाली ६२: मोठी ४६, दहा वर्षांखालची मुलं १६. स्वयंपाकाचा अंदाज ६२ वर धरायचा नाही. मुलाचं अर्धं पान धरलं की ४६ अधिक ८, म्हणजे ५४ पानं. खालचा सगळा हिशेब या ५४ वर आहे. तुमच्या इमारतीचा आकडा वेगळा असेल तर त्याच प्रमाणात कमीजास्त करा.

पोळी पानाला दोन, म्हणजे १०८; थोडी वाढ धरून १२०. एका घराला ३० पोळ्या झेपतात, त्याला पाऊण ते एक किलो कणीक लागते. म्हणून पोळीला चार घरं. भात पानाला ५५ ग्रॅम तांदूळ, म्हणजे तीन किलो. एक किलो तांदूळ घरच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी मावत नाही, दोन खेपा किंवा मोठं पातेलं लागतं. म्हणून भाताला तीन घरं, प्रत्येकी एक किलो. हॉटेलात पानाला याहून जास्त धरतात, पण तिथे पदार्थ कमी असतात. इथे पाच भाज्या आहेत, सगळ्यांची चव घेता घेता भाताची भूक राहत नाही.

भाज्या सगळ्या मिळून पानाला सुमारे १४० ग्रॅम पुरतात. पाच घरांनी दीड दीड किलो आणली की झालं. इथेच जुन्या सूचनांतली दोन वाक्यं घोटाळा करतात. ‘सर्वांना पुरेल एवढे आणावे’ असं लिहिलं की पाचही घरं ५४ पानांची भाजी करतात आणि रात्री अकराला उरलेली उसळ कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवायची यावर चर्चा होते. ‘आपल्या कुटुंबापुरते आणावे’ असं लिहिलं तर एकूण वजन बरोबर येतं, पण प्रत्येक डबा चार माणसांचा असतो आणि रांगेतल्या सातव्या माणसाला रिकामा दिसतो. म्हणून सूचनेत माणसांचा आकडा लिहू नका. किलो, लिटर किंवा नग लिहा. ‘वीस जणांना पुरेल इतकं’ याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो, दीड किलोचा एकच.

सूचनेचा नमुना

हा जसाच्या तसा उचलायला हरकत नाही. कोजागरीच्या किमान दहा दिवस आधी लिफ्टजवळच्या फलकावर लागला पाहिजे.

सूचना
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कोजागरी पौर्णिमेनिमित्त गच्चीवर रात्री ८ वाजता एकत्र जेवण ठेवले आहे. जेवण पूर्ण शाकाहारी असेल. मसाला दूध समितीतर्फे. कृपया दुधाचा कोणताही गोड पदार्थ आणू नये. प्रत्येक घराने खालीलपैकी एका रिकाम्या ओळीत फ्लॅट क्रमांक, पदार्थ आणि मुख्य जिन्नस लिहावा. ओळी वाढविता येणार नाहीत.

पोळ्या, प्रत्येकी ३० नग: ४ घरे (विकत आणल्या तरी चालतील)
मसालेभात, प्रत्येकी १ किलो तांदूळ: २ घरे (दोघांनी एकच कृती ठरवावी)
दहीभात, १ किलो तांदूळ: १ घर
रसभाजी किंवा उसळ, प्रत्येकी दीड किलो: ३ घरे (मुख्य जिन्नस वेगळा हवा)
सुकी भाजी, प्रत्येकी दीड किलो: २ घरे (एक कांदा-लसूण आणि कंदमुळांशिवाय)
आमटी, ३ लिटर: १ घर (कांदा-लसूण नाही)
कढी, ३ लिटर: १ घर
कोशिंबीर, प्रत्येकी १ किलो: २ घरे (एक दाण्याच्या कुटाशिवाय)
तळण, प्रत्येकी ६० नग: २ घरे
गोड, दुधाशिवाय, दीड किलो किंवा ६० नग: २ घरे
पापड, लोणचे, ओली चटणी, लिंबू: १ घर
पत्रावळ्या, द्रोण, कागदी कप, प्रत्येकी ७५: १ घर

यादी फलकावरच भरावी. ग्रुपवर लिहिलेले नाव धरले जाणार नाही. यादीचा फोटो रोज रात्री ९ वाजता ग्रुपवर टाकला जाईल. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी यादी बंद होईल. त्यानंतर येणे रद्द झाल्यास ओळीतील पदार्थ पोचविण्याची व्यवस्था त्या घराने करावी.
सचिव

घरं मोजून पाहा: ४, २, १, ३, २, १, १, २, २, २, १, १. बेरीज २२, एकही ओळ जास्त नाही. ही बेरीज जुळणं महत्त्वाचं आहे. तीस ओळी ठेवल्या तर लोक सोप्या ओळी भरतात आणि रिकाम्या राहतात त्या नेमक्या पोळीच्या. होकार आधी घ्यायचे ते याचसाठी. आकडा हाती आल्याशिवाय सूचना छापू नका.

‘दोघांनी एकच कृती ठरवावी’ ही कंसातली ओळ अनेकांना खटकेल. पण एकाच टेबलावर दोन वेगळे मसालेभात आले की तुलना सुरू होते, एक संपतो, दुसरा उरतो आणि उरलेल्या डब्याच्या घरात पुढचे दोन दिवस कुणाशी बोलावं असा प्रश्न पडतो. कृती एक ठेवून दोन्ही डबे एकाच परातीत ओतले की तो प्रश्नच येत नाही.

सूचना लावल्यावर होणारे बिघाड

पोळीच्या ओळी दोन दिवसांनंतरही रिकाम्या दिसल्या तर वाट पाहू नका. उपाय सोपा आहे: फलक लावण्यापूर्वीच त्यातल्या दोन समितीच्या सभासदांनी स्वतःच्या नावाने भराव्यात. उरलेल्या दोन ओळी स्वयंपाक न करणाऱ्या घरांकडे वळवा. एकटे राहणारे, दोघंही उशिरा घरी येणारे किंवा वयस्कर सभासद बहुतेकदा मिठाईचा बॉक्स घेऊन येतात आणि गोडाचा ढीग वाढतो. त्यांनी जवळच्या पोळीभाजी केंद्रात आदल्या दिवशी ३० पोळ्या सांगून ठेवल्या तर त्यांचंही काम झालं आणि पानाचंही. ‘विकत आणल्या तरी चालतील’ हे शब्द सूचनेत छापलेले असले पाहिजेत, तोंडी सांगून लोकांचा संकोच जात नाही.

कुणी तिसरा गुलाबजाम घेऊन हजर झालाच तर परत पाठवू नका. डबा झाकून ठेवा आणि दूध वाटून झाल्यावर मुलांसमोर उघडा. तोपर्यंत कुणी मोजत नाही.

एखादं घर आयत्या वेळी गळतंच. त्यासाठी समितीने चार डझन पाव आणि दोन किलो काकडी-टोमॅटो हाताशी ठेवावेत. पोळी, कोशिंबीर आणि एखादी भाजी, यातलं काहीही गळलं तरी एवढ्यावर निभावतं. पाव उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी जातात, वाया जात नाहीत.

शाकाहारी लिहिलं म्हणजे सगळ्यांची सोय झाली असं नाही. इमारतीत जैन घरं असतील तर कांदा-लसूण आणि कंदमुळं यांचा प्रश्न वरच्या कंसांनी सुटतो, पण वेळेचा सुटत नाही. सूर्यास्तानंतर न जेवणारी माणसं असतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुण्या-मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. त्या घरांना आधी विचारा. त्यांना जेवायचं असेल तर आमटी, सुकी भाजी आणि पोळीची घरं साडेपाचला थोडा वाटा खाली पोचवू शकतात का ते पाहा, नाहीतर त्यांना पत्रावळ्यांची ओळ द्या आणि त्यांची पानं जेवणाच्या हिशेबातून वगळा. दाण्याचा कूट मराठी स्वयंपाकात कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत सगळीकडे असतो, म्हणून शेंगदाणा असलेल्या डब्यावर तशी चिठ्ठी लावायला सांगा. कुणाला चालत नसेल तर टेबलाशी उभं राहून विचारत बसावं लागत नाही.

डबा गच्चीवर जाईपर्यंत

यादी उत्तम जुळली तरी शेवटच्या दोन तासांत पदार्थ बिघडतात, आणि बिघडलेला पदार्थ कुणी घेत नाही म्हणजे ती ओळ रिकामीच. चार गोष्टी नेहमी होतात.

पोळ्या गरम गरम एकावर एक रचून बंद डब्यात भरल्या की वाफेचं पाणी होतं आणि तळच्या पाच पोळ्या चिकट लगदा होतात. चाळणीवर किंवा सुती कापडावर जराशा निवू द्याव्यात, मग कापडात गुंडाळून डब्यात. तळणाचंही तेच. कोथिंबीरवडी तळून लगेच झाकली की कुरकुरीतपणा गेला. उंडे दुपारी वाफवून कापून ठेवावेत आणि तळण साडेसातला करावं, डब्यात खाली कागद आणि झाकण तिरकं.

कोशिंबिरीला मीठ घरी घातलं तर गच्चीवर पोचेपर्यंत काकडी पाणी सोडते आणि डब्यात सार तयार होतं. चिरलेली काकडी, दही आणि कूट वेगवेगळं न्यावं. मीठ, दही आणि फोडणी वाढायच्या दहा मिनिटं आधी.

दहीभात संध्याकाळी साडेसहाला नेहमीसारखा कालवला तर आठला आंबट आणि कोरडा होतो, कारण दही मुरत राहतं आणि भात ओलावा शोषत राहतो. भात मऊ शिजवून कोमट असताना त्यात भरपूर दूध आणि फक्त दोन-तीन चमचे दही घालावं. आठपर्यंत तो आपोआप बेताचा होतो. फोडणी आणि डाळिंबाचे दाणे शेवटी.

मसालेभात कुकरमध्येच झाकून ठेवला की आतल्या वाफेने शिजत राहतो आणि गोळा होतो. वाफ उतरली की परातीत मोकळा करून, मग रुंद भांड्यात. पण उघड्यावर तासन्‌तासही ठेवू नये. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहिला तर पोट बिघडवू शकतो, तेव्हा साडेसहाच्या आत करू नका आणि रात्री उरलेला लगेच फ्रीजमध्ये जाऊ द्या.

मसाला दूध समितीकडे ठेवायचं कारण हेच की ते एकाच मोठ्या पातेल्यात व्हावं. माणशी दीडशे मिली धरलं तर ६२ जणांना सव्वानऊ लिटर लागतं (इथे मुलाचं अर्धं धरायचं नाही, दूध मुलंच जास्त पितात). आटून कमी होणार म्हणून ११ लिटर घ्यावं, साखर पाऊण किलो, पातेलं किमान १५ लिटरचं. कालचं उरलेलं दूध यात मिसळू नका, एक लिटर नासकं अकराही लिटर फाडतं. ताकाचं किंवा लिंबाचं भांडंही नीट घासल्याशिवाय वापरू नका.

टेबल आणि पळी

शेवटचा बिघाड वाढपात होतो. भाजीच्या डब्यात आमटीची मोठी पळी ठेवली की एका वेळी शंभर ग्रॅम भाजी जाते आणि दीड किलोचा डबा पंधरा पानांत संपतो. तोच डबा वाढायच्या लहान चमच्याने पन्नासेक पानांपर्यंत जातो. पळी फक्त आमटी-कढीला. भाज्या आणि कोशिंबिरीला समितीने स्वतःचे सात लहान चमचे आणावेत, घराघरांतून येणाऱ्या चमच्यांवर अवलंबून राहू नये.

रांगेत आधी पोळी, कोशिंबीर आणि चटणी, मग सुक्या भाज्या, मग रसभाज्या, शेवटी भात आणि आमटी-कढी. पनीर असेल तर ते रसभाज्यांत तिसरं. आधी ठेवलं तर पान तिथेच भरतं आणि उसळ कोणी घेत नाही. तळण आणि गोड वेगळ्या टेबलावर, तिथे एक माणूस मोजून वाढणारा: पहिल्या फेरीत दोन वड्या, एक गोड.

आणि झाकणं. दर वर्षी दोन-तीन झाकणं परक्या घरी जातात आणि महिनाभर ग्रुपवर स्टीलच्या झाकणाचे फोटो फिरतात. फ्लॅट क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी भांड्याच्या बुडाला लावतात तशी झाकणाच्या आतूनही लावायला सांगा.